हॉस्पिटलचे पैसे भरून झाले, आता क्लेम टाकताना

कॅशलेस न झाल्यास आधी बिल भरायचे आणि मग पोर्टलवर रिइम्बर्समेंट क्लेम टाकायचा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘क्वेरी’ बिलांच्या यादीवरच असतात, म्हणून तिथून सुरुवात करू.

समजा, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे फायनल बिल ८२,४०० रुपये झाले आणि हॉस्पिटलने २,४०० ची सूट दिली. ॲडमिट होताना २०,००० डिपॉझिट आणि घरी सोडताना ६०,००० भरले. यादीत याची एकच ओळ येते: फायनल बिलाचा नंबर, तारीख, रक्कम ८०,०००. दोन्ही पावत्या त्या बिलाचे पैसे भरल्याचा पुरावा म्हणून जोडायच्या. त्यांच्या वेगळ्या ओळी केल्या की मागणी फुगते आणि फाईल अडकते. बाहेरून आणलेली औषधे ३,१५० ची आणि त्यातली ३१० ची परत केली असतील, तर २,८४० लिहा आणि रिटर्नचे बिलही लावा. ॲडमिट होण्याआधीची १,२०० ची सोनोग्राफी ‘प्री’मध्ये, घरी आल्यानंतरची १,११० ची औषधे ‘पोस्ट’मध्ये, दोन्हींना डॉक्टरांची चिठ्ठी हवी. एकूण मागणी ८५,१५०. आधीचे आणि नंतरचे किती दिवस धरतात, ते पॉलिसीत पाहा. बऱ्याच पॉलिसींत ३० आणि ६० असतात. फायनल बिलासोबत खर्चाचा तपशील, म्हणजे ब्रेकअप, मागून घ्या. नुसत्या ‘औषधे १४,०००’ अशा ओळीवर कंपनी हमखास प्रश्न काढते.

डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी वाचा. नाव पॉलिसीप्रमाणेच आहे ना, तारखा बिलाशी जुळतात ना, डॉक्टरांची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का आहे ना, ते बघा. सगळ्यात जपून वाचायची ती ‘हिस्टरी’. ‘दोन दिवसांपासून दुखते’च्या जागी ‘दोन वर्षांपासून’ पडले, तर आजार पॉलिसीच्या आधीचा असल्याची शंका निघते. चूक असेल तर दुरुस्ती हॉस्पिटलनेच सही-शिक्क्यानिशी करून द्यायची. पेनाने खाडाखोड करू नका. क्लेम फॉर्मचा भाग ‘ब’सुद्धा हॉस्पिटलच भरते, तोही त्याच फेरीत घ्या.

पेशंट आई आणि पॉलिसी मुलाच्या नावावर असेल, तर पैसे साधारणपणे मुलाच्या, म्हणजे प्रपोजरच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे खाते त्याचेच द्या. कॅन्सल चेकवर नाव छापलेले असावे; नसेल तर पासबुकाचे पहिले पान जोडा. आयएफएससी ११ अक्षरी असतो आणि त्यातले पाचवे शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे. देना किंवा सिंडिकेटसारख्या विलीन झालेल्या बँकेचे जुने चेकबुक अजून घरात असेल, तर त्यावरचा कोड चालणार नाही.

कागद रंगीत आणि चारही कोपरे दिसतील असे स्कॅन करा, मूळ प्रती क्लेम मिटेपर्यंत जपून ठेवा. काही कंपन्या त्या कुरिअरने मागवतात. पाठवण्याआधी झेरॉक्स काढा. मुदत डिस्चार्जच्या तारखेपासून मोजतात आणि ती प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. एखादा रिपोर्ट यायचा राहिला, म्हणून अख्खा क्लेम थांबवू नका. तो नंतर क्वेरीच्या उत्तरात जोडता येतो.