मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, संक्षेपात एमडीएस, हा अस्थिमज्जेच्या आजारांचा एक गट आहे. मज्जेतल्या एखाद्याच मूळपेशीच्या जनुकांत बिघाड होतो, ती पेशी आणि तिची पिलावळ हळूहळू मज्जा व्यापते, आणि त्या पिलावळीतून धड रक्तपेशी तयार होत नाहीत. परिणामी रक्तात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी एक किंवा अधिक प्रकार कमी पडतात. काही रुग्णांत हाच आजार पुढे तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे रूप घेतो. निदान होते तेव्हा बहुतेक रुग्ण सत्तरीच्या आसपास असतात. आज एमडीएसची गणना कर्करोगांत होते, पण त्याचे वागणे इतके निरनिराळे असते की एका रुग्णाच्या अनुभवावरून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

भरलेली मज्जा, रिकामे रक्त

रक्तात पेशी कमी म्हणजे मज्जा ओस पडली असणार, असे कोणालाही वाटेल. एमडीएसमध्ये बहुधा उलटे दिसते. कमरेच्या हाडातून मज्जेचा तुकडा काढून पाहिला तर तो पेशींनी गच्च भरलेला असतो, वयाच्या मानाने जास्तच. पेशी जन्माला येतात, वाढू लागतात, पण पक्व होऊन रक्तात उतरण्याआधी मज्जेतच मरतात. याला निष्फळ रक्तनिर्मिती म्हणतात आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्याचे सार तेच आहे.

हे कसे घडते, याचे सर्वांत स्पष्ट चित्र एसएफ३बी१ या जनुकातल्या उत्परिवर्तनात मिळते. २०११ साली हा संबंध उघड झाला. जनुकावरून उतरवलेल्या आरएनएमधले नको ते भाग कापून उरलेले जोडायचे काम पेशीत सतत चालते आणि एसएफ३बी१ हे त्या यंत्रणेतले एक प्रथिन. ते बिघडले की काही आरएनए चुकीच्या जागी जोडले जातात. त्यांतला एक संदेश एबीसीबी७ या प्रथिनाचा असतो. मायटोकॉन्ड्रियातल्या लोहाच्या देवाणघेवाणीत या प्रथिनाचा वाटा असतो. ते कमी पडले की लोह मायटोकॉन्ड्रियातच साचत राहते आणि लाल पेशी पक्व होईनाशी होते.

साचलेले लोह सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते. मज्जेच्या काचेवर लोहासाठीचे पर्ल्स रंगद्रव्य टाकले की वाढत्या लाल पेशीच्या केंद्रकाभोवती निळ्या कणांचे कडे उमटते. किमान पाच कण आणि केंद्रकाच्या परिघाचा किमान एक तृतीयांश भाग व्यापलेला, तरच त्या पेशीला वलयी सिडरोब्लास्ट म्हणायचे. अशा पेशी १५ टक्के भरल्या तर ती महत्त्वाची खूण मानतात. एसएफ३बी१चे उत्परिवर्तन सापडले असेल तर ५ टक्केही पुरतात.

निदानातले चकवे

एमडीएसमध्ये मज्जेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बेढब दिसतात. या बेढबपणाला डिस्प्लेसिया म्हणतात. लाल पेशींच्या वाढीच्या टप्प्यात दोन केंद्रके किंवा फाटल्यासारखे केंद्रक दिसते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये कण विरळ होतात आणि केंद्रकाचे तीन-चार खंड असायचे तिथे दोनच राहतात. प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी खुज्या होतात. एखाद्या पेशीवंशातल्या किमान १० टक्के पेशी अशा असल्या तर डिस्प्लेसिया धरतात.

मात्र बेढब पेशी म्हणजे एमडीएस असे समीकरण मांडता येत नाही. बी१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, दारू, मेथोट्रेक्सेटसारखी औषधे यांनीही हुबेहूब असे चित्र उभे राहते. सर्वांत फसवी असते तांब्याची कमतरता. जठर-आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने ती होते, तिच्यात वलयी सिडरोब्लास्टही दिसतात, आणि तांबे दिल्यावर रक्त पूर्ववत होते. तेव्हा एमडीएसचा शिक्का मारण्याआधी ही साधी कारणे तपासलीच पाहिजेत.

उलट बाजूनेही सावध राहावे लागते. वाढत्या वयात अनेक निरोगी माणसांच्या रक्तात डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांत उत्परिवर्तन झालेल्या पेशींचा छोटा गट सापडतो. रक्तातल्या पेशींची संख्या ठीक असेल तर हा आजार नव्हे. त्यातून रक्ताचा कर्करोग उद्भवण्याचा धोका साधारणपणे वर्षाला १ टक्का किंवा त्याहून कमी असतो.

एक उदाहरण

समजा, ७२ वर्षांच्या एका बाईंना जिना चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन ८.४, लाल पेशींचा सरासरी आकार १०८ फेम्टोलिटर म्हणजे नेहमीपेक्षा मोठा, न्यूट्रोफिल १,९०० आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार. बी१२, फॉलिक ॲसिड, तांबे, थायरॉइड सगळे ठीक. मज्जा भरलेली, वलयी सिडरोब्लास्ट ३० टक्के, अपक्व ब्लास्ट पेशी २ टक्के, गुणसूत्रे सामान्य, जनुक तपासणीत फक्त एसएफ३बी१.

आजार किती जोखमीचा, हे ठरवायला २०१२ साली सुधारलेली आयपीएसएस-आर ही गुणपद्धत वापरतात. सामान्य गुणसूत्रांचा १ गुण, ८ ते १० मधल्या हिमोग्लोबिनचा १, बाकी सगळे शून्य. एकूण २, म्हणजे कमी जोखीम. ही पद्धत ज्या रुग्णांवरून बसवली त्यांच्यात या गटाचे मध्य आयुर्मान ५.३ वर्षे होते. हा आकडा गटाचा आहे, या बाईंच्या आयुष्याचा नव्हे. शिवाय त्यात जनुकांची दखल नाही. ती २०२२च्या आयपीएसएस-एम पद्धतीत घेतली गेली आणि एकटे एसएफ३बी१ असणे तिथे चांगले लक्षण ठरते.

उपचार रक्तक्षयावर केंद्रित होतो. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक लाल पेशींच्या आरंभीच्या टप्प्याला चालना देते, पण शरीरात ते आधीच भरपूर असेल, विशेषतः रक्तातली पातळी ५०० एककांच्या वर असेल, तर इंजेक्शनचा उपयोग क्वचितच होतो. कारण सरळ आहे. जन्म कमी नाहीत, मृत्यू जास्त आहेत, आणि ते उशिराच्या टप्प्यात होतात. लस्पॅटरसेप्ट हे औषध नेमके त्या टप्प्यावर काम करते. पक्वता रोखणारे काही संदेशक रेणू ते अडवते आणि पेशी शेवटपर्यंत पोचू देते. अमेरिकेत २०२० साली वलयी सिडरोब्लास्ट असलेल्या एमडीएससाठी ते मंजूर झाले. दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन देतात.

औषध लागू पडले नाही तर रक्त चढवावे लागते आणि तिथे लोहाचा प्रश्न उभा राहतो. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीरातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर पडते आणि जास्तीचे काढून टाकायची सोय शरीराकडे नाही. महिन्याला दोन पिशव्या म्हणजे वर्षात सुमारे ५ ग्रॅम, जेव्हा निरोगी माणसाच्या सबंध शरीरात ३ ते ४ ग्रॅमच लोह असते. त्याचा भार यकृतावर आणि हृदयावर येतो. शिवाय निष्फळ रक्तनिर्मितीमुळे आतडे अन्नातलेही लोह जास्त शोषू लागते, त्यामुळे एकही पिशवी चढवण्याआधी लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन वाढलेले आढळू शकते. अशा रुग्णाला निव्वळ रक्तक्षय पाहून लोहाच्या गोळ्या देणे ही घातक चूक आहे.

ल्युकेमियाकडे

चार वर्षांनी त्याच बाईंचे प्लेटलेट ६० हजारांवर, न्यूट्रोफिल ७०० वर आणि हिमोग्लोबिन ७.६ वर आले असे धरू. पुन्हा मज्जा तपासली. ब्लास्ट ८ टक्के, आणि बऱ्याच पेशींत सातवे गुणसूत्र एक उणे. आता गुण असे: गुणसूत्रांचे ३, ब्लास्टचे २, हिमोग्लोबिनचे दीड, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिलचा प्रत्येकी अर्धा. एकूण साडेसात, म्हणजे अतिउच्च जोखीम. या गटाचे मध्य आयुर्मान ०.८ वर्षे होते.

मधल्या काळात आजाराचा स्वभावच पालटला. पहिल्या उत्परिवर्तनाने वाढलेल्या पिलावळीतल्या एका पेशीत नवा बदल झाला, तिचा उपवंश इतरांना मागे टाकत गेला, मग त्यातही आणखी भर पडली. आरयूएनएक्स१, एनआरएएस, टीपी५३ अशा जनुकांतले बदल या वाटेवर सापडतात. आधी पेशी मरत होत्या म्हणून रक्त रिकामे होते. आता त्या मरत नाहीत, पण पक्वही होत नाहीत, ब्लास्ट अवस्थेतच अडकून वाढत राहतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ब्लास्ट ५-१० टक्केच असले तरी मज्जेतल्या बहुतांश पेशी त्या एकाच मूळ पूर्वजाच्या असतात. ल्युकेमियाचे बीज म्हणून काही वेगळे शोधायला जावे लागत नाही.

ल्युकेमिया कुठे सुरू होतो, ही रेघ माणसांनी आखलेली आहे. १९८२च्या वर्गीकरणात ती ब्लास्टच्या ३० टक्क्यांवर होती, २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने २० वर आणली. २०२२च्या दोन वर्गीकरणांपैकी एकाने १० ते १९ टक्क्यांच्या पट्ट्याला एमडीएस आणि ल्युकेमिया या दोघांचे जोडनावच दिले. १९ टक्क्यांचा रुग्ण आणि २१ टक्क्यांचा रुग्ण यांच्या शरीरात या रेघेने काही फरक पडत नाही. सगळे रुग्ण तिथवर जातातही असे नाही. रूपांतर साधारण एक तृतीयांश रुग्णांत होते, आणि पुष्कळ जण त्याआधीच जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा हृदयविकाराने दगावतात.

काही रुग्णांत आजार पहिल्यापासूनच जहाल असतो. दुसऱ्या कर्करोगासाठी अल्किलेटिंग गटातली औषधे किंवा किरणोपचार घेतलेल्यांना साधारण ५ ते १० वर्षांनी असा एमडीएस होऊ शकतो आणि त्यात पाचव्या-सातव्या गुणसूत्राची हानी व टीपी५३चा बिघाड वारंवार दिसतो.

उच्च जोखमीचा उपचार

इथे मुख्य औषध ॲझासायटिडिन, अमेरिकेत २००४ पासून मंजूर. दर २८ दिवसांतले सात दिवस ते देतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पेशी आणखी घसरतात, ताप येतो, रक्त जास्त लागते, आणि औषध बाधले असे घरच्यांना वाटते. खरा परिणाम दिसायला चार ते सहा फेऱ्या लागतात. आधीच थांबवलेला उपचार अनेकदा वाया जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने मध्य आयुर्मान १५ महिन्यांवरून २४.५ महिन्यांवर गेले. आजार मात्र त्याने समूळ जात नाही.

समूळ घालवू शकणारा उपाय एकच, दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण. त्यात उपचारानेच मृत्यू येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून वेळ महत्त्वाची. कमी जोखमीत थांबणे बहुधा फायद्याचे, कारण आजार देत असलेली वर्षे प्रत्यारोपण हिरावू शकते. जोखीम वाढली की उशीर महाग पडतो. वरच्या उदाहरणातल्या बाईंबद्दल हा विचार व्हायला हवा तो प्लेटलेट पहिल्यांदा घसरू लागल्या तेव्हाच, ब्लास्ट २० टक्क्यांवर जाण्याची वाट न पाहता. मात्र तोवर त्यांनी पंचाहत्तरी गाठलेली असेल, तेव्हा हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे प्रत्यारोपण सोसतील का, हा प्रश्नही त्याच बैठकीत घ्यावा लागतो.