१, २, ४, ८, १६… पुढे ३२च कशाला?

नाशिकच्या कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये फळ्यावर १, २, ४, ८, १६ लिहिलं, की बाकांवरून एका सुरात ‘३२’ येतं. दुप्पट करत जायचं. यात चूक काहीच नाही, पण २३ किंवा ३१ लिहिणाऱ्याचा गुण कापायला मात्र प्रश्नात आधार नाही.

२३ येतात ते देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांच्या रीतीने. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची की पुढची संख्या तयार. ८ अधिक ८ म्हणजे १६, पण १६ मध्ये मिळवायचे १ + ६, म्हणजे ७. उत्तर २३, आणि पुढे २८, ३८, ४९. पहिली पाच पदं दुपटीसारखी का दिसतात हेही उघड आहे: एकअंकी संख्येच्या अंकांची बेरीज म्हणजे ती संख्याच. दोन अंक आले की दोन नियमांची फारकत होते, आणि प्रश्न नेमका तिथेच थांबवलेला आहे.

३१ भूमितीतून येतात. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी रेषेने जोडा आणि आतले तुकडे मोजा. एक ते पाच बिंदूंना १, २, ४, ८, १६ तुकडे पडतात. सहा बिंदूंना पडतात ३१. मोजणी अशी: सुरुवातीचा १ तुकडा, दोन-दोन बिंदू जोडणाऱ्या १५ रेषा आणि चार-चार बिंदूंमागे एक असे १५ छेदबिंदू. स्वतः काढून बघणार असाल तर सहा बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका. तसे घेतले तर समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा केंद्रात एकत्र येतात, मधला छोटा त्रिकोण नाहीसा होतो आणि मोजणी ३० वर अडते. बिंदू जरा वेडेवाकडे ठेवा.

गंमत म्हणजे ३१ ही कापरेकरांच्या ‘स्वयंभू’ संख्यांपैकी एक. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून ती येत नाही.

हट्टच असेल तर सहावं पद १०० सुद्धा आणता येतं. दुपटीच्या सूत्रात, म्हणजे 2ⁿ⁻¹ मध्ये, ही भर घाला:

```
68 × (n−1)(n−2)(n−3)(n−4)(n−5) ÷ 120
```

n ची किंमत १ ते ५ असताना एक ना एक कंस शून्य होतो, त्यामुळे दिलेली पदं जशीच्या तशी राहतात. n = 6 ला कंसांचा गुणाकार १२० होतो, भर ६८ ची पडते आणि ३२ चे १०० होतात. ६८ च्या जागी हवा तो आकडा ठेवा, हवं ते सहावं पद मिळेल. म्हणून पदं वाढवून उत्तर तार्किकदृष्ट्या कधीच एकमेव होत नाही. आपण ‘सर्वांत साधा नियम’ निवडतो, आणि साधं कशाला म्हणायचं हे प्रश्नात लिहिलेलं नसतं. १०० चं सूत्र ओढूनताणून आणलेलं आहे हे कुणीही मान्य करेल, पण अंकांची बेरीज मिळवणं हे दुपटीपेक्षा अवघड कसं ठरवणार?

प्रश्न काढणाऱ्याने निदान सहावं पद छापावं आणि सातवं विचारावं. …१६, २३ असं दिसलं की दुप्पट आणि वर्तुळ दोन्ही बाद होतात. त्याहून बरं म्हणजे ‘प्रत्येक पद आधीच्याच्या दुप्पट आहे’ हे वाक्य छापून दहावं पद विचारावं: उत्तर ५१२, वाद नाही.