सोळा हातात, राजा समोर: अर्धे पैसे कधी सोडायचे?

ब्लॅकजॅकच्या टेबलावर तुमच्याकडे दश्शी आणि छक्की, म्हणजे सोळा. डीलरचं उघडं पान राजा, म्हणजे दहा. त्याने झाकलेलं पान डोकावून पाहिलंय, ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाचं पान, नाही. आता तुम्ही ‘सरेंडर’ म्हणून लावलेल्या रकमेमागे बोटाने आडवी रेघ ओढली, तर निम्मे पैसे परत मिळतात आणि डाव संपतो. डीलरने पान तपासल्यानंतर मिळणारी म्हणून ही ‘लेट’ सरेंडर. पहिल्या दोन पानांवरच घेता येते. तिसरं मागितलं की गेली.

शंभर डॉलर लावले असतील तर सरेंडर करून पन्नास जातात, हे नक्की. खेळून सरासरी पन्नासहून जास्त जाणार असतील, तरच सोडण्यात अर्थ. बरोबरी होत नसेल तर याचा अर्थ असा, की चारात एकदाही जिंकत नसाल तर सोडा.

सोळावर थांबलात तर जिंकायला एकच वाट: डीलर एकवीसच्या वर जाऊन फुटणं. दहाचं पान दाखवणारा, ब्लॅकजॅक नसलेला डीलर शंभरात साधारण २३ वेळा फुटतो. म्हणजे २३ जिंकले, ७७ हरले. दर डावाला ५४ डॉलर तोटा. पान घ्यावं, तर तेरापैकी आठ प्रकारची पानं तुम्हालाच फोडतात. तोटा तोच, ५४ च्या आसपास. सोडलं तर चार वाचतात. पंधरावर पान घेतल्यास तोटा जेमतेम साडेपन्नास, तेव्हा तिथेही सोडायचं, पण फायदा चिल्लर. चौदावर तो ४७ च्या आत येतो. तिथे मुकाट्याने पान घ्यावं. (आठ-आठची जोडी आली तर दहासमोर ती दोन वेगळ्या हातांत वाटून खेळणंच बरं.)

मग सतरा? तेही केविलवाणंच वाटतं, पण दहासमोर डीलर शंभरात बारा वेळा नेमका सतरावर थांबतो आणि तुमचे पैसे परत येतात. तोटा ४२ वर राहतो. थांबा, सोडू नका.

खरी गंमत एक्क्यासमोर आहे. टेबलाच्या कापडावर डीलरने ‘सॉफ्ट’ सतरावर, म्हणजे एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर, थांबायचं की पान घ्यायचं हे बहुधा छापलेलं असतं. थांबत असेल, तर तुमच्या सतराला शंभरात सुमारे १९ वेळा बरोबरी मिळते आणि तोटा ४८. एक्का-छक्कीवर तो पान घेत असेल, तर बरोबऱ्या आठ-नऊवर येतात. त्याचं फुटणं थोडं वाढतं, पण त्याचे अठरा ते एकवीस त्याहून जास्त वाढतात. तोटा ५१ वर जातो आणि त्याच पानांवर आता सोडणं योग्य ठरतं. एक्क्यासमोरचं पंधराही याच टेबलावर सोडायचं, पहिल्यावर नाही. सोळा मात्र दोन्हीकडे.

हे आकडे बऱ्याच गड्ड्या एकत्र पिसलेल्या खेळाचे. एकाच गड्डीत पंधरासारखी काठावरची उत्तरं हलू शकतात.