ओकुमासिनी: रूप की नवा शब्द?

प्रत्ययाने शब्दाचा वर्ग बदलला की ती शब्दसिद्धी आणि तोच शब्द वाक्यात बसवला की रूपसिद्धी, ही वाटणी लॅटिन-ग्रीक व्याकरणांतून आली. 1963 मध्ये वैश्विक नियमांच्या यादीत तिला क्रमाची जोड मिळाली: शब्द घडवणारा प्रत्यय धातूला जवळ, रूपाचा त्याच्या बाहेर. तुर्कीसारख्या अ‍ॅग्लुटिनेटिव्ह, म्हणजे एकापुढे एक प्रत्यय चिकटवत जाणाऱ्या भाषांनी मात्र दोन्ही कसोट्या अडचणीत आणल्या.

खरा पेच 1990च्या दशकात आला, तुर्की शब्दांचे विश्लेषण संगणकाकडून करून घेताना. ‘अलीनिन किताबी ओकुमासिनी इस्तियोरुम’, म्हणजे ‘अलीने ते पुस्तक वाचावे अशी माझी इच्छा आहे’. यातले ‘ओकुमासिनी’ त्या विश्लेषकात असे मांडले जाई:

```
oku+Verb+Pos^DB+Noun+Inf2+A3sg+P3sg+Acc
```

`^DB` ही शब्दसिद्धीची सीमा. तिच्या डावीकडे क्रियापद, उजवीकडे नाम. तिसऱ्या पुरुषाचा स्वामित्वप्रत्यय आणि कर्माची विभक्ती उजव्या बाजूला असल्याने हिशेब वरवर जुळतो. पण ‘किताबी’लाही कर्माचीच विभक्ती आहे, आणि ती डावीकडच्या क्रियापदामुळे लागली आहे. एकच शब्द आतून क्रियापदासारखा कर्म घेतो आणि बाहेरून नामासारखा स्वतःच कर्म होतो. नकारही आत बसतो: ‘ओकुमामासिनी’, त्याने न वाचणे. यातला पहिला ‘मा’ नकाराचा, दुसरा नाम करणारा.

आता ‘दोन्दुर्मा’ पाहा. ‘गोठवणे’ या धातूला हाच प्रत्यय लागून झालेला हा शब्द ‘आइस्क्रीम’ या अर्थी कोशात स्वतंत्र आहे. त्या अर्थी तो ना कर्म घेतो ना नकार; नकाराचा ‘मा’ घालून ‘दोन्दुर्मामा’ म्हटले की फक्त ‘न गोठवणे’ उरते. प्रत्यय एकच असला तरी शब्दसिद्धी इथे झाली आहे, ‘ओकुमासिनी’त नाही. `^DB`ने दोन्हींना एकाच पंक्तीला बसवले आणि माझ्या मते तिथेच चूक झाली. सीमा सोयीची होती, कारण वाक्यविश्लेषणात प्रत्येक तुकड्याला वेगळा संबंध जोडता येई. पण सोयीसाठी घातलेली रेघ पुढे व्याकरणाचा निष्कर्ष म्हणून वाचली गेली.

1996 मध्ये ‘वर्ग बदलणारी रूपसिद्धी’ ही कल्पना मांडली गेली. प्रत्यय नियमित, जवळपास प्रत्येक धातूला लागणारा आणि धातूची कर्मे शाबूत ठेवणारा असेल, तर वर्ग बदलूनही ते रूपच. पुढे अनेक भाषांसाठी झालेल्या सामाईक टॅगयोजनेने `VerbForm=Vnoun` म्हणजे क्रियापदाचे नामरूप आणि `Case=Acc` म्हणजे कर्माची विभक्ती, हे दोन्ही एकाच शब्दावर ठेवायला जागा दिली. असा टॅग लावला की ‘ओकुमासिनी’चा मूळ शब्द ‘वाचणे’ राहतो, ‘दोन्दुर्मा’चा ‘आइस्क्रीम’.

‘की’ प्रत्ययाचे कोडे यानेही सुटत नाही. ‘एव्-दे-की-लेर-देन’: घर, -त, ‘घरातला’मधला -ला, अनेकवचन, -पासून, म्हणजे ‘घरात असणाऱ्यांपासून’. विभक्तीवर ‘की’ बसतो आणि त्यावर पुन्हा वचन-विभक्ती. ‘की’ला शब्दसिद्धी म्हटले तर 1963चा क्रम मोडतो, रूप म्हटले तर एका शब्दात दोन विभक्ती मान्य कराव्या लागतात. काही ट्रीबँकांनी, म्हणजे वाक्यरचना नोंदवलेल्या वाक्यसंग्रहांनी, ‘की’ तोडून स्वतंत्र पदच केले आहे.