प्रेम ओसरलं, मग पोटात गोळा का येतो?

माझ्या एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न महिनाभर डोक्यातून जात नाहीये. तिचा अकरा वर्षांचा संसार. मोठं भांडण नाही, तिसरं माणूस नाही. नवरा घरी आला की पूर्वी आत जे काही हलायचं, ते हळूहळू थांबलं. कधी थांबलं, तेही तिला सांगता येत नाही. पण जुलैमधल्या एका रात्री लोकल बंद पडल्या, त्याचा फोन लागेना, तेव्हा ती दोन तास गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. साडेअकराला दारात किल्ली फिरली आणि पोटातला गोळा विरला. तो चपला काढून आत आला, आणि पुन्हा काहीच वाटेना. "मग माझं प्रेम आहे की नाही?" असं ती मला विचारत होती. "प्रेमच उरलं नाही तर रडतेस कशाला?" असं बहिणीने तिला आधीच ऐकवलं होतं.

बहिणीचा हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. माणसाची ओढ वाटणं आणि त्या माणसाशी जीव बांधलेला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1970च्या दशकात घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आणि विभक्त झालेल्या अनेक स्त्री-पुरुषांचं ऐकून घेतलं. प्रेम, आदर, विश्वास झिजून गेल्यावरही हा बंध शिल्लक राहतो, असं त्यांना दिसलं. जोडीदार नकोसा झालेल्यांनाही तो दूर गेला की लहान मुलाला आई दिसेनाशी झाल्यावर होते तशी घालमेल होत होती.

असं का होत असावं, याचा एक धागा उंदरासारख्या एका छोट्या प्राण्यात सापडतो, आणि मला तो फार आवडतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातले प्रेअरी व्होल जोडीने राहतात. ऑलिव्हर बॉश आणि लॅरी यंग या मेंदूसंशोधकांच्या गटाने 2009 मध्ये काही नरांना मादीबरोबर ठेवलं, तर काहींना भावाबरोबर. पाच दिवसांनी दोन्हींतल्या काहींची ताटातूट केली. मग त्यांना पाण्यात सोडलं. मादीपासून तुटलेले नर हातपाय मारण्याऐवजी जास्त वेळ नुसते तरंगत राहिले. भावापासून तुटलेल्यांवर असा परिणाम दिसला नाही.

यानंतर मेंदू तपासले, ते नीट पाहू. तणावाची प्रतिक्रिया सुरू करणारं एक रसायन आहे, कॉर्टिकोट्रॉपिन रिलीजिंग फॅक्टर, थोडक्यात सीआरएफ. ते बनवण्याचा आदेश पेशीत एमआरएनए नावाच्या रेणूवर लिहिलेला असतो. ताटातूट झालेल्या नरांच्या मेंदूतल्या एका भागात हे आदेश वाढलेले असतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तसे ते वाढलेले होतेच. पण मादीजवळ सुखाने राहणाऱ्या नरांमध्येही ते तितकेच वाढलेले होते! म्हणजे विरहाच्या दुःखाची सामग्री विरहाआधीच, जोडी जमतानाच, भरून ठेवलेली होती. जोडीदार जवळ असेपर्यंत दाबलेल्या स्प्रिंगसारखी ती गप्प राहते, तो गेला की सुटते. सीआरएफचा परिणाम रोखणारं औषध मेंदूत सोडलं, तर एकटे पडलेले नर पुन्हा धडपडू लागले.

व्होलवरून माणसाचं सगळं सिद्ध होत नाही. शिवाय व्होलची ताटातूट एका झटक्यात झाली, माझ्या मैत्रिणीचा नवरा तर घरातच आहे. पण तिचा गोंधळ यातून समजून घेता येतो. ओढ मंदावली, धोक्याची घंटा मात्र अकरा वर्षं जोडलेली आहे तशीच आहे. लोकल बंद पडली की ती वाजते. वेगळं व्हायचा नुसता विचार आला तरी वाजते. ती वाजली म्हणून प्रेम परतलं असं समजू नये, आणि ओढ वाटत नाही म्हणून दुःख खोटं ठरत नाही.

इथे बाजार टपूनच असतो. ऑक्सिटोसिनला "प्रेमाचं संप्रेरक" म्हणत त्याचे फवारे विकले जातात, एसटी स्टँडवर वशीकरणाची पत्रकं चिकटवलेली असतात. पैकी एकानेही ओसरलेलं प्रेम परत येत नाही. पत्रकवाला तर घाबरलेल्या माणसाच्या त्या घंटेवरच पोट भरतो, याची मला मनापासून चीड येते.

एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी. नैराश्यातही जोडीदाराबद्दल काही वाटेनासं होतं, पण तेव्हा सहसा बाकीच्या गोष्टींतलीही गोडी जाते: जेवण, गाणी, मैत्रिणी. काहींना नैराश्यावरच्या गोळ्यांनीही भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. तसं असेल तर गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. मी मैत्रिणीला विचारलं, शेवटचं पोट धरून कधी हसलीस? ती म्हणाली, परवाच, भाचीबरोबर नाटकाला गेले होते तेव्हा. मध्यंतरात बटाटेवडाही मिटक्या मारत खाल्ला. आणि परतताना रात्री उशीर झाला, तर तो पोचला का घरी, म्हणून तिनेच त्याला फोन केला होता.