अष्टम स्थान व अष्टमेश (वधूपत्रिकेतील)

स्त्रीच्या जन्मपत्रिकेत लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीपासून, मोजलेले आठवे स्थान. पुरुषाच्या पत्रिकेत हे आयुष्याचे किंवा मृत्यूचे स्थान म्हणून पाहतात. स्त्रीच्या पत्रिकेत त्याला मांगल्यस्थान किंवा सौभाग्यस्थान म्हणतात आणि संसार किती काळ टिकेल, सासर कसे मिळेल याचा विचार त्यावरून करतात. या स्थानात जी रास येते तिचा स्वामी तो अष्टमेश. विदर्भातील खेड्यांत सोयरीक जुळवताना गुणमेलनाचे ३६ पैकी किती गुण आले हे दोन्ही घरांना आधी सांगितले जाते, पण पत्रिका पाहणारे महाराज त्याआधीच मुलीचे सातवे आणि आठवे घर पाहून ठेवतात. ‘गुण जुळतात, पण टिपण जमत नाही’ असे उत्तर आले की कारण बहुधा या दोन घरांतले असते.

या कल्पनेमागचा हिशेब सोपा आहे. सातवे स्थान पतीचे. सातव्यापासून दुसरे ते आठवे. दुसरे स्थान कुटुंब, धन आणि वाणी यांचे मानतात, म्हणून मुलीचे आठवे घर म्हणजे नवऱ्याचे कुटुंब, त्याचा पैसाअडका आणि त्या घरातली बोलणी. दुसरे स्थान मारकस्थानही असते, म्हणून तेच घर पतीच्या आयुष्याचेही ठरते. वराहमिहिराच्या बृहज्जातकातील स्त्रीजातक अध्यायात भर्त्याचा मृत्यू आठव्यावरून आणि सौभाग्य व पती सातव्यावरून पाहावा असे सांगितले आहे. आठव्यात पापग्रह असता वैधव्य, पण त्याच वेळी दुसऱ्या स्थानी शुभग्रह असतील तर स्त्रीला स्वतःलाच आधी मरण, असाही नियम तिथे आहे. या दुसऱ्या फळाला परंपरेने अशुभ मानले नाही. अहेव मरण म्हणून ते भाग्याचेच समजले गेले. जुन्या नियमांमागे कोणती समाजरचना उभी होती, हे यातून दिसते.

सासरचा माणूस न् माणूस आठव्यात बसवणे ही वारंवार होणारी चूक आहे. आठवे घर सासरच्या कुटुंबाचे एकत्रित आहे. व्यक्तींची घरे वेगळी. सासू पतीची आई, म्हणून सातव्यापासून चौथे, म्हणजे दहावे घर. सासरे सातव्यापासून नववे, म्हणजे तिसरे. धाकटा दीर आणि धाकटी नणंद नवव्यात, भासरे आणि थोरली नणंद पाचव्यात. आठव्यात शनी दिसला की ‘सासू खाष्ट’ असे सांगणारा माणूस दहावे घर न पाहताच बोलत असतो.

अष्टमेशाबद्दलही एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. मेष लग्नाला आठवी वृश्चिक आणि तूळ लग्नाला आठवी वृषभ, म्हणजे दोन्हींत लग्नेश हाच अष्टमेश. अशा ग्रहाला अष्टमेश म्हणून दोष देत नाहीत. मकर आणि धनू लग्नाला अनुक्रमे रवी आणि चंद्र अष्टमेश होतात, त्यांनाही हा दोष लावत नाहीत. कर्क लग्नाचे प्रकरण निराळे: मकर आणि कुंभ या दोन्ही राशी शनीच्या असल्याने पती आणि मांगल्य एकाच ग्रहाच्या हाती जातात आणि शनी बिघडला तर दोन्ही घरे एकदम बिघडतात.

पाहण्याचा क्रम असा. आधी लग्न आणि त्याचे अंश पक्के करायचे. मग आठव्यात कोण बसले आहे आणि त्यावर कोणाची दृष्टी आहे. सर्व ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे पाहतात; मंगळ चौथ्या व आठव्याकडे, गुरू पाचव्या व नवव्याकडे, शनी तिसऱ्या व दहाव्याकडेही पाहतो. म्हणून गुरूची दृष्टी आठव्यावर हवी असेल तर तो दुसऱ्या, चौथ्या किंवा बाराव्या घरात असावा लागतो. नंतर अष्टमेश कुठे आहे, उच्च की नीच, कोणाबरोबर. त्यानंतर हेच सगळे चंद्रापासून पुन्हा पाहायचे. शेवटी अष्टमेशाची महादशा मुलीच्या कोणत्या वयात येते ते काढायचे. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि फळ कधीचे हे न सांगता नुसती भीती घातली जाते.

एक पत्रिका

यवतमाळजवळच्या खेड्यातला आश्विन शुद्ध पक्षातील जन्म समजा, वेळ पहाटे पावणेपाच. रवी कन्येत २५ अंशांवर. तुळेत बुध, शुक्र, गुरू आणि राहू. मेषेत केतू, कर्केत मंगळ, कुंभेत शनी, चंद्र धनूत पूर्वाषाढा नक्षत्राच्या मध्यावर. या मांडणीत यवतमाळच्या क्षितिजावर कन्या लग्न उगवून तीन-चार अंश झालेले असतात.

कन्या लग्नाला आठवी रास मेष, स्वामी मंगळ. आठव्यात केतू आणि त्यावर सहाव्यातल्या शनीची तिसरी दृष्टी. एवढेच पाहिले तर पत्रिका नाकारली जाईल. पण दुसऱ्यात बसलेले गुरू, स्वराशीचा शुक्र आणि लग्नेश बुध हे तिघेही समोरच्या आठव्याकडे पाहतात. अष्टमेश मंगळ अकराव्यात, कर्केत नीच आहे खरा. मात्र कर्केचा स्वामी चंद्र लग्नापासून चौथ्यात, केंद्रात असल्याने नीचभंग होतो. पापग्रह आठव्यात आणि शुभग्रह दुसऱ्यात, हा वर सांगितलेला अहेवपणाचा योगही इथे अक्षरशः लागू पडतो. गुरूची दृष्टी असताना त्यावरून आयुष्य कमी सांगू नये, असे जाणते लोक मानतात.

सासरचे वाचन यातूनच पुढे जाते. केतू आणि शनी यांमुळे घर अबोल, माणसे अंतर राखून राहणारी. गुरू-शुक्रामुळे कुटुंब सुस्थितीत आणि वेळेला उभे राहणारे. अष्टमेश लाभात म्हणून सासरकडून लाभ होतो, पण नीचत्वामुळे उशिरा. दहाव्यात मिथुन रास, तिचा स्वामी बुध शुभग्रहांबरोबर आणि घरावर गुरूची नववी दृष्टी: सासूशी जुळेल. तिसऱ्यात वृश्चिक, स्वामी तोच नीच मंगळ आणि घरावर शनीची दहावी दृष्टी: ताण आला तर सासऱ्यांकडून, बहुधा शेतीच्या पैशावरून.

आता चंद्रापासून. धनूपासून आठवी कर्क आणि तिथेच मंगळ. लग्नापासून हा मंगळ अकराव्यात म्हणून दोष नाही, चंद्रापासून मात्र आठव्यातला मंगळ होतो. म्हणूनच अशा मुलीला एक महाराज ‘मंगळ नाही’ सांगतात आणि दुसरे ‘आहे’ सांगतात. दोघांचेही गणित बरोबर असते. चंद्रापासूनचा मंगळ सौम्य धरण्याची रीत आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. पूर्वाषाढाच्या मध्यावरचा जन्म म्हणजे २० वर्षांच्या शुक्र दशेतली १० शिल्लक. मग रवीची ६, चंद्राची १० आणि २६व्या वर्षी अष्टमेश मंगळाची ७ वर्षे सुरू. लग्नाच्या ऐन वयातच ही दशा येते, तेव्हा तारीख दशेत घ्यायची की आधी उरकायची हा घरच्यांचा प्रश्न असतो.

वेळ आणि ठिकाण

हेच टिपण यवतमाळऐवजी मुंबईची लग्नसारणी धरून केले, किंवा मोबाईलवर तालुका सापडला नाही म्हणून यादीतले मुंबई निवडले, तर काय होते? यवतमाळचे रेखांश ७८ अंश ८ कला, मुंबईचे ७२ अंश ५० कला. फरक ५ अंश १८ कलांचा, अंशाला ४ मिनिटे धरून २१ मिनिटांचा. लग्न साधारण ४ मिनिटांत एक अंश सरकते, म्हणजे पाच अंशांची चूक. कन्येच्या तीन-चार अंशांऐवजी सिंहेचे शेवटचे अंश येतात आणि घरे एकेक करून सगळी बदलतात. आठव्यात मेषेऐवजी मीन, रिकामी, नुसती रवीची दृष्टी. अष्टमेश मंगळाऐवजी गुरू, तोही तिसऱ्यात. मंगळ आता बाराव्यात, म्हणजे मुलगी लग्नापासूनही मंगळाची ठरते. आणि दशा? गुरूची महादशा मंगळाची ७ आणि राहूची १८ वर्षे उलटल्यावर, ५१व्या वर्षी. जो काळ २६व्या वर्षी जपायचा होता तो एकदम २५ वर्षे पुढे ढकलला गेला.

विदर्भातल्या विदर्भातही हा फरक लहान नाही. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत घड्याळ एकच, पण लग्न उगवण्यात सुमारे पाव तासाचे अंतर. त्यामुळे पत्रिका हाती आली की आधी लग्नाचे अंश पाहावेत. ते पहिल्या किंवा शेवटच्या पाच अंशांत असतील तर आठव्या घरावर बोलण्याआधी वेळ तपासावी. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते; ती दवाखान्याच्या कागदावर, तोही जपून ठेवला असेल तर. घरी झालेल्या बाळंतपणाची वेळ आजीच्या आठवणीतून येते, आणि ‘पहाटे’ या एका शब्दात दोन लग्ने सहज मावतात. टिपणावर वेळ पूर्ण तासाची किंवा अर्ध्या तासाची लिहिलेली असेल तर ती अंदाजाची आहे असे समजून चालावे.

वेळच नसलेल्या मुलींची सोयरीक नावराशीवर होते. तिथे लग्न मिळत नाही, म्हणून आठवे घर फक्त चंद्रापासून मोजले जाते. नाव पाळण्यात नक्षत्राच्या चरणावरून ठेवले असेल तर त्याला आधार आहे. हौसेने ठेवलेल्या नावावरून राशी काढून मांगल्याचा निर्णय देणे शास्त्राला धरूनही चुकीचे आहे.

मर्यादा

पतीचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या पत्रिकेवरून पाहावे आणि पत्नीचे आठवे घर त्याला जोड म्हणून वापरावे, हा या परंपरेचाच नियम आहे. मुलीचे अष्टम बिघडलेले आणि मुलाचे बलवान असेल तर पत्रिका जुळते असे धरतात. वैधव्ययोग ठामपणे सांगितला गेल्यास कुंभविवाह करतात: मुहूर्त पाहून मुलीचा विवाह विष्णुप्रतिमेसह मांडलेल्या पाण्याच्या कुंभाशी लावतात, मग कुंभ जलाशयात विसर्जित करतात आणि खरा विवाह नंतर होतो. खेड्यात हा विधी गुपचूप, परगावच्या देवळात उरकला जातो, कारण गावात कळले तर दुसरी स्थळे येईनाशी होतात.

आठव्या स्थानावरून सांगितलेल्या आयुष्याचा पडताळा कोणत्याही शास्त्रीय तपासणीने दिलेला नाही. याचा सर्वांत वाईट उपयोग लग्नानंतर होतो. नवरा अपघातात, आजारात किंवा कर्जापायी गेला की जुने टिपण बाहेर काढून सुनेला पांढऱ्या पायाची ठरवतात, आणि शेतातला तिचा वाटा नाकारायला तेच कारण पुढे करतात. परंपरेच्या हिशेबानेही हे बसत नाही: ज्याचे आयुष्य संपले त्याची पत्रिका कुणी उघडलेली नसते. कायद्यात तर टिपणाला जागाच नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पतीच्या मालमत्तेत विधवा पहिल्या वर्गातील वारस आहे. मुले आणि पतीची आई यांच्या बरोबरीने तिला हिस्सा मिळतो आणि त्यासाठी सातबाऱ्यावर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करावा लागतो.