छातीचा नॉर्मल एक्स-रे: कडा का दिसतात आणि कधी पुसल्या जातात

छातीच्या एक्स-रेवर एखादी कडा दिसते ती दोन वेगवेगळ्या घनतेच्या गोष्टी एकमेकींना खेटून असतात म्हणून. हृदय, त्यातलं रक्त, यकृत, स्नायू, छातीत साचलेलं पाणी किंवा पू हे सगळं क्ष-किरणांना जवळपास सारखंच अडवतं, त्यामुळे फिल्मवर या सगळ्यांची छटा जवळपास एकच. हृदयाची उजवी कडा रेखीव दिसते ती शेजारच्या फुप्फुसात हवा आहे म्हणून. त्या भागात हवेऐवजी न्यूमोनियाचा स्राव भरला, तर हृदय जागच्या जागी असूनही कडा पुसली जाते. अमेरिकी रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी 1950 साली ही खूण ‘सिल्हूट साइन’ या नावाने मांडली. नॉर्मल फिल्म वाचणं म्हणजे मुख्यतः एकेक कडा बोटाने चालून पाहणं, ती सलग आहे ना, हे ठरवणं.

समोर एका निरोगी प्रौढ व्यक्तीची फिल्म आहे असं धरून चालू. फुप्फुसांकडे वळण्याआधी फिल्म कशी घेतली आहे ते पाहायचं, कारण खोटे आजार इथेच जन्माला येतात. उभ्याने, छाती डिटेक्टरला टेकवून, साधारण 1.8 मीटर अंतरावरून पाठीकडून किरण सोडले की ती पीए फिल्म. हृदय डिटेक्टरच्या जवळ असल्यामुळे त्याची सावली फारशी फुगत नाही. झोपलेल्या रुग्णाची समोरून काढलेली एपी फिल्म हृदय मोठं दाखवते. पीए फिल्ममध्ये खांद्याचे फरे बहुतेक फुप्फुसांच्या बाहेर सरकलेले असतात, एवढ्यावरूनही अंदाज येतो. आपण रुग्णाच्या समोर उभे आहोत असं समजून फिल्म लावायची. म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. बाजूची खूण आधी वाचा. हृदयाच्या जागेवरून बाजू ठरवली, तर उजवीकडे हृदय असलेला माणूस तुमच्या हातून निसटेल.

मग रोटेशन. दोन्ही क्लॅव्हिकलची, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडांची, आतली टोकं आणि मधल्या मणक्याचा मागचा काटा यांतलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. रुग्ण थोडा जरी वळलेला असेल तरी श्वासनलिका सरकल्यासारखी भासते, एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं. त्यानंतर श्वास. मध्य-क्लॅव्हिकल रेषेवर श्वासपटलाच्या वर पुढच्या पाच ते सहा बरगड्या मोजता आल्या, किंवा मागच्या नऊ ते दहा, तर श्वास पुरेसा घेतलेला आहे. मागच्या बरगड्या ठळक आणि बऱ्याच आडव्या दिसतात. पुढच्या बरगड्या आत-खाली उतरत जातात आणि मध्येच संपल्यासारख्या वाटतात, कारण त्यांच्या टोकाची कूर्चा दिसत नाही. शेवटी किरणांचं प्रमाण: हृदयाच्या सावलीतून मणके जेमतेम ओळखू यायला हवेत. ते अजिबात दिसत नसतील, तर हृदयामागच्या फुप्फुसाबद्दल काही बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या फिल्ममध्ये पुढच्या सहा बरगड्या मोजता येतात, म्हणून पुढे जाऊ.

श्वासनलिका मानेपासून खाली येणारा काळा पट्टा आहे. ती मधोमध असते, पण महाधमनीच्या कमानीपाशी किंचित उजवीकडे झुकते. हा झुकाव नॉर्मल आहे. तिच्या उजव्या भिंतीलगतची पांढरी रेघ बारीक असते, साधारण 4 मिलिमीटरपेक्षा कमी. ती जाड दिसली तर तिथल्या लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, हा प्रश्न उभा राहतो. श्वासनलिका खरोखरच सरकलेली असेल, तर ती ओढली गेली आहे की ढकलली गेली आहे, हे शोधायचं. फुप्फुसाचा भाग आकसला असेल तर ती त्या बाजूला ओढली जाते, आणि त्याच बाजूच्या बरगड्या जवळ आलेल्या, श्वासपटल वर चढलेलं दिसतं. छातीत भरपूर पाणी किंवा दाबाखाली कोंडलेली हवा असेल तर ती विरुद्ध बाजूला जाते. एकट्या श्वासनलिकेवरून निकाल देऊ नका, सोबतचे पुरावे बघा.

खाली ती कॅरिनापाशी दुभंगते. उजवी शाखा आखूड, रुंद आणि जास्त उभी. डावी तिच्या जवळपास दुप्पट लांब आणि आडवी. श्वासात गेलेली वस्तू बहुधा उजवीकडे सापडते ती यामुळेच. शाखांच्या पुढे दोन्हीकडे हायलमच्या, म्हणजे श्वासशाखा आणि रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात त्या जागेच्या, सावल्या दिसतात. त्या मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या असतात, हे लक्षात ठेवलं की त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या फांद्या पाहून घाबरायला होत नाही. डावा हायलम उजव्यापेक्षा साधारण 1 ते 2 सेंटिमीटर वर असतो, कारण डावी फुप्फुसधमनी डाव्या श्वासशाखेच्या वरून वळसा घेते. काहींमध्ये दोन्ही एका पातळीवर असतात. उजवा हायलम डाव्यापेक्षा वर दिसला, तर मात्र थांबायचं: बहुधा उजवा वरचा खंड आकसून त्याला वर ओढतोय किंवा डावा खालचा खंड डाव्या हायलमला खाली.

फुप्फुसं वाचताना एक बाजू संपवून दुसरी घेऊ नये. वरचा, मधला, खालचा असे तीन झोन करा आणि प्रत्येक झोनमध्ये डावं-उजवं समोरासमोर ताडून पाहा. साधारणपणे दुसऱ्या बरगडीच्या पुढच्या टोकाच्या वर तो वरचा, दुसऱ्या ते चौथीच्या दरम्यान मधला, त्याखाली खालचा झोन. हे झोन म्हणजे फुप्फुसाचे खंड नव्हेत, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. खालच्या खंडाचा शेंडा पाठीमागून बराच वर, मधल्या झोनपर्यंत पोहोचतो, त्यामुळे मधल्या झोनमधली सावली खालच्या खंडातलीही असू शकते. नेमका खंड सांगायचा असेल तर कोणती कडा पुसली गेली, हे विचारावं लागतं.

फुप्फुसाच्या काळ्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फांद्या रक्तवाहिन्या आहेत. उभ्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे खालच्या झोनमधल्या वाहिन्या वरच्यांपेक्षा जाड असतात. बाहेर जाताना त्या निमुळत्या होतात आणि छातीच्या भिंतीलगतच्या शेवटच्या 1 ते 2 सेंटिमीटरमध्ये ओळखू येईनाशा होतात. म्हणजे कडेला वाहिन्या न दिसणं आपोआप फुप्फुसावरणातल्या हवेचा पुरावा होत नाही. न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे अशी हवा खरोखर असताना, फुप्फुसाच्या आवरणाची बारीक पांढरी रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे एकही वाहिनी नसते. त्वचेची घडीही तशीच फसवते, पण तिथे रेघ नसून एक कडा असते, वाहिन्या तिच्या पलीकडेही जातात आणि कित्येकदा ती छातीच्या बाहेरपर्यंत चालू राहते. तसंच खालच्या झोनमधला लहानसा गोल ठिपका स्तनाग्राचा असू शकतो. शंका असेल तर स्तनाग्रावर धातूची खूण लावून फिल्म पुन्हा काढतात.

आता श्वासपटल. उजवा घुमट डाव्यापेक्षा साधारण 1.5 ते 2.5 सेंटिमीटर वर असतो, आणि याचं मुख्य कारण डाव्या बाजूला हृदय घुमटाला खाली दाबतं हे मानलं जातं, यकृत नव्हे. दोन्ही एका पातळीवर असणंही नॉर्मल आहे. फरक 3 सेंटिमीटरहून जास्त असेल तर कारण शोधा. बाहेरचा कोन, म्हणजे श्वासपटल आणि बरगड्यांच्या मधला, टोकदार हवा. उभ्या पीए फिल्ममध्ये तो बोथट व्हायला साधारण 200 मिलिलिटर पाणी साचावं लागतं. त्याहून थोडं पाणी पाठीमागच्या खोल फटीत लपून राहतं आणि बाजूने घेतलेल्या फिल्मवर आधी दिसतं. म्हणून ‘कोन टोकदार आहे’ म्हणजे ‘पाणी नाही’ असं लिहिणं थोडं जास्त होतं. डाव्या घुमटाखाली जठरातली हवा दिसणं अपेक्षित आहे. उजव्या घुमटाखाली काळी चंद्रकोर दिसली, तर आतडं किंवा जठर फुटून पोटात हवा सुटली आहे का, हे त्याच क्षणी विचारायचं. मात्र कधीकधी यकृताच्या वर मोठं आतडं येऊन बसतं आणि त्यातली हवा तशीच दिसते. त्यात आतड्याच्या घड्या ओळखता येतात.

शेवटी कडांवरून बोट फिरवा. उजवीकडे वरून खाली: ऊर्ध्व महाशीर, मग उजवं अलिंद. डावीकडे: महाधमनीची कमान, फुप्फुसधमनी, मग डाव्या निलयाची मोठी बाक. उजव्या हृदयाच्या कडेला उजव्या फुप्फुसाचा मधला खंड टेकतो, डाव्या कडेला डाव्या वरच्या खंडाचा लिंग्युला हा भाग, आणि दोन्ही घुमटांना खालचे खंड. आता मधल्या झोनमधली ती सावली आठवा. उजव्या हृदयाची कडा पुसट असेल तर ती मधल्या खंडात आहे. कडा सलग असेल तर सावली बहुधा मागे, खालच्या खंडात.

आपल्या फिल्मवर मधल्या रेषेपासून हृदय उजवीकडे 4.2 आणि डावीकडे 8.6 सेंटिमीटर भरतं, म्हणजे एकूण 12.8. बरगड्यांच्या आतल्या बाजूंमधलं छातीचं सर्वांत जास्त अंतर 28. गुणोत्तर 46 टक्के. पीए फिल्मवर प्रौढांमध्ये 50 टक्क्यांपर्यंत ठीक. याच व्यक्तीने अर्धा श्वास घेतला असता तर पुढच्या चारच बरगड्या दिसल्या असत्या, हृदय आडवं पडून 14.3 आणि छाती 26 भरली असती. गुणोत्तर 55 टक्के, खालच्या झोनमध्ये वाहिन्या दाटून आलेल्या, आणि अहवालात ‘हृदय मोठं, खाली न्यूमोनियाची शंका’. बरगड्या मोजल्या असत्या तर फिल्म पुन्हा काढायची, एवढंच ठरलं असतं.

कडांनंतरही चार जागा राहतात, जिथे नजर सहज घसरते: क्लॅव्हिकलमागचे शेंडे, हायलम, हृदयाच्या मागची जागा आणि घुमटांच्या खाली. फुप्फुसाचा बराच भाग घुमटांच्या मागे खाली उतरलेला असतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. हृदयामागे डाव्या बाजूला उतरत्या महाधमनीची कडा आणि डाव्या घुमटाचा आतला भाग दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर डाव्या खालच्या खंडाकडे संशयाने पाहावं लागेल. मग हाडं आणि मऊ भाग: बरगड्या एकेक करून, खांदे, मान, स्तनांच्या सावल्या. एका बाजूचा स्तन काढलेला असेल तर ते फुप्फुस निष्कारण काळं दिसतं.

आपली फिल्म नॉर्मल आहे. ज्या रुग्णाला दम लागतोय, त्याची फिल्म अशीच असली तरी फुप्फुसधमनीतली रक्ताची गाठ किंवा दमा त्यातून वगळला जात नाही. अशा दोन्ही आजारांत फिल्म बऱ्याचदा स्वच्छ असते. अहवालात म्हणून एवढंच लिहायचं: उभ्याने घेतलेली पीए फिल्म, रोटेशन नाही, श्वास पुरेसा, श्वासनलिका मध्यरेषेत, फुप्फुसं स्वच्छ, दोन्ही कोन टोकदार, हृदयाचं गुणोत्तर 46 टक्के, हाडांमध्ये विकृती दिसत नाही.